फळ्याच्या फोटोवरून कामांची यादी : चवथीच्या मालाचे एक प्रकरण

पार्श्वभूमी

फोंडा तालुक्यातील एका औद्योगिक वसाहतीत मसाले, कोकम आगळ आणि सणासुदीचे कोरडे पदार्थ पाकिटांत भरून विकणारे एक छोटे युनिट आहे. कायमचे कामगार चौदा असून चवथीच्या हंगामात आणखी आठ-दहा जण रोजंदारीवर येतात. मी तेथे आठवड्यातून तीन दिवस हिशेब आणि पत्रव्यवहार पाहण्यासाठी जातो. ओळख पटू नये म्हणून नावे व काही तपशील येथे वगळले आहेत. तारखांचा क्रम मात्र जसा घडला तसाच ठेवला आहे, कारण हे सगळे प्रकरण तारखांभोवतीच फिरते.

२०२५ साली गणेश चतुर्थी २७ ऑगस्टला, बुधवारी होती. युनिटने त्या वर्षी प्रथमच पंचखाद्याची चार हजार पाकिटे काढण्याचे ठरवले होते. त्यासाठी १७ जुलै रोजी, गुरुवारी संध्याकाळी, मालक, ज्यांना तेथे सगळे ‘भाई’ म्हणतात, आणि आणखी सात जण अशी आठ जणांची बैठक दीड तास चालली. मी त्या दिवशी कामावर नव्हतो. रात्री साडेआठच्या सुमारास भाईंनी मला व्हॉट्सअ‍ॅपवर एक फोटो पाठवला आणि खाली लिहिले, ‘उद्या यावरून यादी कर. कोणी काय करायचे आणि कधीपर्यंत, एवढेच.’

फोटोत काय होते

फोटो दारातून, थोडा उजवीकडून काढलेला होता. बैठकीच्या शेवटी वीज गेली होती, त्यामुळे मोबाइलचा फ्लॅश आपोआप पेटला आणि फळ्याच्या मधोमध तळहाताएवढा पांढरा झोत उमटला. फळ्याचा खालचा डावा कोपरा फोटोच्या चौकटीबाहेर गेला होता. त्यात व्हॉट्सअ‍ॅपने फोटो नेहमीप्रमाणे लहान करून पाठवल्याने बारीक अक्षरे मोठी करून पाहिली की ती विरघळल्यासारखी दिसत.

मी दुसऱ्या दिवशी सकाळी भाईंच्या मोबाइलमधील मूळ फोटो ‘डॉक्युमेंट’ म्हणून मागवून घेतला. एवढ्यानेच हिरव्या मार्करने लिहिलेल्या तीन ओळी वाचता येऊ लागल्या. झोताखाली गेलेल्या भागाचा मात्र इलाज नव्हता. चकाकी कॅमेऱ्याच्या जागेप्रमाणे सरकते, म्हणून एकाऐवजी डाव्या आणि उजव्या बाजूने असे दोन फोटो फ्लॅश बंद करून काढले असते, तर एकात लपलेले दुसऱ्यात दिसले असते. फळा तोवर पुसला गेला होता.

फळ्यावर मोजून तेवीस नोंदी होत्या. त्यांतील नऊ सरळ कामे होती, उदाहरणार्थ ‘गूळ – २ क्विंटल – मडगाव’. सहा नोंदी म्हणजे नुसते आकडे किंवा माहिती होती. चार नोंदींपुढे प्रश्नचिन्ह होते, दोन खोडलेल्या होत्या, आणि दोन अशा होत्या की तेथे काहीतरी लिहिले आहे एवढेच कळत होते. पुढे जे बिघडले ते यांपैकी चार-पाच ओळींमुळे बिघडले, म्हणून त्या दिसत होत्या तशाच येथे देतो :

‘लेबल सु. ४/८’
‘वजन ५०० / ४५० ?’
‘पॅकिंग रोज ५००’
‘चवथीआधी सगळे दुकानात’
आणि कापलेल्या कोपऱ्याशी ‘का’ असे एकच अक्षर, पुढे चौकट संपलेली.

अडचण नेमकी कोणती होती

वरवर पाहता हे उतरवून काढण्याचे काम होते आणि मीही ते तसेच धरले. पण फळा हा बैठकीच्या निर्णयांचा कागद नसतो. बोलता बोलता हाताने केलेल्या खुणा तेथे उरतात. ज्यांनी चर्चा ऐकली त्यांना त्या खुणा पुरतात. जो बैठकीला नव्हता त्याला मात्र प्रत्येक खुणेचा अर्थ लावावा लागतो, आणि अर्थ लावला की तो आपला झाला, फळ्याचा राहिला नाही. लावलेला अर्थ आणि वाचलेला मजकूर एकाच रकान्यात, एकाच टायपात बसला की वाचणाऱ्याला दोन्ही सारखेच खात्रीचे वाटतात.

पर्यायांचा विचार

शुक्रवारी सकाळी माझ्यापुढे तीन वाटा होत्या. पहिली म्हणजे फोटो आहे तसा गटावर टाकून ‘आपापली कामे पाहून घ्या’ असे सांगणे. ही वाट मी लगेच सोडली, कारण भाईंना यादी हवी होती आणि फोटो तर सगळ्यांच्या मोबाइलमध्ये आधीच होता. दुसरी वाट म्हणजे भाईंसमोर अर्धा तास बसून त्यांच्याकडून ओळीओळीचा अर्थ लिहून घेणे. ती बरीच चांगली होती, पण त्या दिवशी ते गुळाच्या खरेदीसाठी बाहेर होते, आणि शिवाय फळ्यावर चार जणांचे हस्ताक्षर होते, त्या सगळ्यांचे अर्थ एकट्या भाईंना ठाऊक असतीलच असे नव्हते. तिसरी वाट म्हणजे मी वाचून यादी करायची, गटावर टाकायची आणि चुकले असेल तर सांगा म्हणायचे. मी तिसरी निवडली.

आज मागे वळून पाहताना मला ही निवड चुकीची वाटत नाही. ती ज्या रीतीने अमलात आणली ती चुकीची होती.

पहिली यादी

दुपारपर्यंत मी चार रकान्यांचा तक्ता केला : क्रमांक, काम, कोण, कधीपर्यंत. रिकामा रकाना डोळ्यांना खुपतो, म्हणून प्रत्येक रकाना भरण्याकडे माझा कल गेला. ‘लेबल सु.’ या ओळीतले ‘सु.’ मी नावाचे आद्याक्षर मानले. युनिटमध्ये ‘सु’ने सुरू होणाऱ्या नावाच्या दोन व्यक्ती आहेत, खरेदी पाहणाऱ्या बाई आणि गोदाम सांभाळणारे गृहस्थ. लेबले छापखान्यातून विकत घ्यायची असतात, तेव्हा हे काम खरेदीचेच, असे ठरवून मी बाईंचे नाव लिहिले.

तारखेचे असेच झाले. फळ्यावर काही आकडे मराठी वळणाचे होते, काही इंग्रजी. घाईत काढलेला मराठी चार वर बंद होऊन जुळला की हुबेहूब इंग्रजी आठसारखा दिसतो. मी ती तारीख ८ ऑगस्ट अशी वाचली. दोन्ही आकडे एकाच ओळीत, तिरक्या रेघेच्या दोन बाजूंना होते आणि मला ते जवळपास सारखे दिसले, ही माझी त्या वेळची सबब.

प्रश्नचिन्ह असलेल्या चारही नोंदी ‘अद्याप ठरलेले नाही’ म्हणून मी यादीतून गाळल्या. कोपऱ्यातल्या ‘का’चे काय करावे हे न सुचल्याने तेही सोडून दिले. दुपारी अडीच वाजता यादी गटावर गेली. खाली मी लिहिले होते, ‘काही चुकले असल्यास कळवावे.’ संध्याकाळपर्यंत सहा जणांनी अंगठा दाखवला आणि मला वाटले, काम झाले.

चूक कशी उघडी पडली

सोमवारी, २१ जुलैला, पॅकिंग सांभाळणाऱ्या ताई माझ्या टेबलापाशी आल्या आणि मोबाइल पुढे करून म्हणाल्या, ‘पॅकिंग आम्ही चारला सुरू करणार. लेबले आठला आली तर चार दिवस पाकिटांवर काय चिकटवू?’

त्यांच्या या एका प्रश्नाने सगळा हिशेब मांडावा लागला, आणि तो मी शुक्रवारीच मांडायला हवा होता. फळ्यावर ‘चवथीआधी सगळे दुकानात’ असे होते. मी त्याची मुदत सरळ २६ ऑगस्ट लिहून टाकली होती. भाईंना फोन लावून विचारले, ‘चवथीआधी म्हणजे नक्की कधी?’ ते म्हणाले, ‘अरे, लोक सामान पंधरा ऑगस्टपासून घ्यायला लागतात. आदल्या दिवशी दुकानात पाकीट ठेवून कोण घेणार?’ त्या वर्षी पंधरा ऑगस्टला शुक्रवार होता, पुढे शनिवार-रविवार. म्हणजे माल १३ तारखेला, बुधवारी, गोदामातून निघायला हवा होता.

तेथून मागे मोजत गेलो. चार हजार पाकिटे, रोज पाचशे, म्हणजे कामाचे आठ दिवस. १२ ऑगस्टला संपवायचे आणि मधला रविवार सोडायचा तर सुरुवात बरोबर ४ ऑगस्टला, सोमवारी होते. फळ्यावरचा तो आकडा चारच होता, हे त्या आकड्याकडे कितीही निरखून पाहून कळले नसते; शेजारच्या ‘रोज ५००’ने ते सांगितले. आणि चारला पॅकिंग सुरू व्हायचे, तर लेबले शनिवारी, २ तारखेला हातात हवीत. छापखाना नमुना मंजूर झाल्यावर सात दिवस घेतो, म्हणजे नमुना २६ जुलैला मंजूर व्हायला हवा. नमुन्याच्या दुरुस्त्यांना तीन दिवस धरले, तर लेबलावरचा मजकूर २२ जुलैपर्यंत, म्हणजे दुसऱ्याच दिवशी, पक्का व्हायला हवा होता.

आणि मजकूर पक्का नव्हता, कारण वजन ठरले नव्हते. खोबऱ्याचा भाव चढल्यामुळे पाकीट पाचशे ग्रॅमचे ठेवायचे की साडेचारशेचे, यावर बैठकीत बरीच चर्चा होऊन विषय प्रश्नचिन्हावर थांबला होता. वजन बदलले की लेबलावर निव्वळ वजन बदलते, त्याप्रमाणे कमाल किरकोळ किंमत बदलू शकते, आणि प्रतिग्रॅम किंमतही नव्याने छापावी लागते. त्यामुळे वजनाशिवाय छापखान्याला काही देताच येत नव्हते. थोडक्यात, त्या संपूर्ण फळ्यावरचे सर्वांत तातडीचे काम प्रश्नचिन्हात दडलेले होते, आणि प्रश्नचिन्हे मी यादीतून काढून टाकली होती.

‘सु.’ म्हणजे कोण

लेबलाचे काम कोठवर आले हे विचारायला मी खरेदीच्या बाईंकडे गेलो. त्यांनी ते सुरूच केले नव्हते. यादी त्यांनी पाहिली होती, पण बैठकीत लेबलाबद्दल आपल्याशी कोणी बोलले नाही हे त्यांना पक्के आठवत होते. तेव्हा गोदामातल्या गृहस्थांऐवजी चुकून आपले नाव पडले असावे, ते बघून घेतील, असे त्यांनी धरले. गोदामातले गृहस्थ म्हणाले, यादीत त्यांचे नाव नव्हतेच, तर त्यांनी का बघावे? दोघेही आपापल्या जागी बरोबर होते.

शेवटी ती ओळ लिहिणाऱ्याचा शोध घेतला. ती पॅकिंगच्या ताईंनीच लिहिली होती. ‘अहो, सु. म्हणजे सुधारित,’ त्या म्हणाल्या. ‘जुन्या लेबलावर पत्ता चुकला होता ना, म्हणून सुधारित लेबल.’ म्हणजे त्या कामाला फळ्यावर कोणी मालक नव्हताच. बैठकीत ते कोणाकडे सोपवलेही नव्हते. ती जागा रिकामी होती आणि मी तेथे एक खरे नाव बसवले होते. माझ्या मते या प्रकरणातली सगळ्यात महागडी चूक हीच. रिकामी जागा दिसली असती, तर भाईंनी शुक्रवारीच कोणाला तरी सांगितले असते; भरलेली जागा पाहून कोणी काही विचारले नाही.

दुसरी यादी

सोमवारी दुपारी मी यादी पहिल्यापासून केली. या वेळी तक्त्यात दोन रकाने वाढवले. एकात फळ्यावरचा मजकूर जसा दिसतो तसा, खुणांसकट. दुसऱ्यात हे काम सुरू होण्याआधी काय व्हायला हवे ते. जे मी वाचले ते साध्या अक्षरांत लिहिले; जे मी अंदाजाने धरले त्यापुढे ‘विचारायचे’ असा शेरा ठेवला; आणि ज्या कामाला कोणी नव्हते तेथे ‘कोणीही नाही’ असे स्पष्ट लिहिले. लेबलाची नोंद आता अशी झाली :

‘फळ्यावर : लेबल सु. ४/८. काम : पत्ता सुधारलेले लेबल छापून आणणे. कोण : कोणीही नाही. कधीपर्यंत : २ ऑगस्ट. आधी हवे : वजनाचा निर्णय (भाई, २२ जुलै), नमुना मंजुरी (२६ जुलै).’

‘ठरवणे’ हेही काम मानून चारपैकी दोन प्रश्नचिन्हे यादीत घेतली, आणि ज्याने ठरवायचे त्याचे नाव व तारीख त्यांच्यापुढे घातली. उरलेली दोन पुढच्या वर्षीच्या मालाबद्दलची होती, ती वेगळी काढली.

त्यानंतर ही यादी गटावर न टाकता मी प्रत्येकाला स्वतंत्रपणे विचारले. ‘हे काम तुमच्याकडे, या तारखेपर्यंत, असे मी लिहिले आहे, हो की नाही?’ एवढाच प्रश्न. सात जणांना मिळून पाऊण तास लागला. चार जणांनी होकार दिला. एकाने तारीख दोन दिवस पुढे मागितली आणि हिशेबात जागा असल्याने ती दिली. खरेदीच्या बाईंनी लेबलाचे काम घेतले, पण वजनाचा निर्णय लेखी हातात मिळाल्याशिवाय छापखान्यात जाणार नाही असे बजावले. रास्त अट होती. सातवे गोदामवाले, त्यांच्याशी बोलताना झोताखालची एक ओळ उलगडली, ती म्हणजे पेडणे आणि काणकोणच्या फेरीसाठी भाड्याची गाडी आधी ठरवणे. गटावर अंगठा दाखवणाऱ्या माणसाने काम स्वीकारलेले नसते, त्याने फक्त संदेश पाहिलेला असतो, हे मला त्या पाऊण तासात कळले.

परिणाम

भाईंनी २२ तारखेला साडेचारशे ग्रॅम ठरवले आणि तसे दोन ओळींत लिहून दिले. नमुना २६ ला मंजूर झाला. लेबले २ ऑगस्टला, संध्याकाळी का होईना, आली.

पॅकिंग मात्र चारला सुरू झाले नाही. सोमवारी सकाळी ताईंनी पाकिटे वजन करायला इलेक्ट्रॉनिक काटा टेबलावर घेतला, तेव्हा त्याच्या पडताळणीची वर्षाची मुदत संपलेली असल्याचे लक्षात आले. अशा काट्यावर विक्रीचा माल तोलता येत नाही; वजनमाप खात्याकडून फेरपडताळणी करून शिक्का घ्यावा लागतो. कापलेल्या कोपऱ्यातला ‘का’ म्हणजे ‘काटा’. दुसऱ्या यादीत तो होता, पण ‘वाचता येत नाही’ या शेऱ्यासह सगळ्यात खाली, आणि प्रत्येकाला त्याच्या त्याच्या कामाबद्दलच विचारल्यामुळे ही ओळ कोणासमोर गेलीच नाही. बैठकीत काट्याचा विषय ज्यांनी काढला होता त्या गोदामवाल्यांना मी गाडीबद्दल विचारत होतो, तेव्हा फोटो समोर ठेवून ‘या कोपऱ्यात काय होते?’ एवढे विचारले असते तरी पुरे होते.

शिक्का मिळेपर्यंत तीन दिवस गेले आणि पॅकिंग ७ ऑगस्टला सुरू झाले. रोज संध्याकाळी दीड तास जादा थांबून पाचशेऐवजी सहाशे पाकिटे निघू लागली. १३ तारखेपर्यंत छत्तीसशे पाकिटे तयार होऊन फोंडा, मडगाव, म्हापसा आणि पेडण्याकडचा माल वेळेवर गेला. उरलेली चारशे पाकिटे १४ ला भरली. ती काणकोणची होती, आणि तेथे ती सुट्ट्या संपल्यावर, सोमवारी १८ ला पोहोचली. तेथील दोन दुकानदारांनी मागणी निम्मी केली. बाकीचा माल चवथीच्या आदल्या शनिवारपर्यंत संपला.

वेगळे काय करता आले असते

फोटोबद्दल फार सांगण्यासारखे नाही. फळा पुसण्यापूर्वी चारही कोपरे चौकटीत आहेत ना हे एकाने मोठ्याने म्हणून पाहावे, फ्लॅश बंद ठेवावा आणि दोन बाजूंनी दोन फोटो घ्यावेत. याला अर्धा मिनिट लागतो.

मला जास्त विचार करायला लावतात ते निर्णयाचे दोन क्षण. पहिला, शुक्रवारी दुपारी ‘सु.’पुढे बाईंचे नाव लिहिताना. त्या वेळी मला शंका आली होती. दोन ‘सु’ आहेत हे मला माहीत होते. शंका आली त्याच क्षणी ती तक्त्यात उतरली असती, तर सोमवार उजाडण्याची वाट पाहावी लागली नसती. यादी अपुरी दिसेल आणि भाई म्हणतील ‘एवढेही जमले नाही का,’ ही भीती तिच्या आड आली. खरे तर बैठकीला नसलेल्या माणसाने केलेली पहिली यादी अपुरीच असते, आणि तिच्यात रिकाम्या जागा असणे हे ती प्रामाणिकपणे केल्याचे लक्षण आहे. भाईंना हे नंतर सांगितले, तेव्हा त्यांनी फक्त विचारले, ‘मग रिकामे ठेवून मला का नाही पाठवलेस?’

दुसरा क्षण सोमवारचा, न वाचता आलेली ओळ तळाशी ठेवण्याचा. न वाचता आलेली नोंद कमी महत्त्वाची असते असे मानण्याला काहीच आधार नव्हता. कोपऱ्यात ती गेली कारण फळा भरला होता आणि विषय शेवटी निघाला होता. शेवटी निघालेले विषय बऱ्याचदा कोणालातरी अचानक आठवलेले असतात. आता मी अशा ओळी यादीच्या अगदी वर ठेवतो, त्या भागाचा फोटो कापून सोबत जोडतो आणि तो बैठकीतल्या प्रत्येकाला दाखवतो.

पूर्ण यादी पुन्हा बैठक बोलावून वाचून दाखवावी, असे युनिटमधल्या काहींचे म्हणणे पडले. मला ते पटत नाही. सात जणांना एकेक करून विचारण्याचा पाऊण तास विरुद्ध आठ जणांचा प्रत्येकी एक तास, हा हिशेब तर आहेच, पण सगळ्यांसमोर ‘हे माझे काम नाही’ असे म्हणणे जड जाते, आणि तेच वाक्य मला ऐकायचे असते. एक गोष्ट मात्र बदलली. आता बैठक संपताना ताई फळ्याच्या उजवीकडे उभी रेघ मारतात आणि प्रत्येक कामापुढे पूर्ण नाव लिहायला लावतात. तारखेत महिन्याचे नाव अक्षरात. मागच्या महिन्यातल्या फोटोत एका ओळीपुढे ताईंच्या अक्षरात लिहिले होते, ‘अजून कोणी नाही – भाई, शुक्रवारपर्यंत सांगा.’